फोर्कलिफ्टवरचा फोटो, एक हसरा इमोजी आणि मामेभावाची नोकरी

माझा मामेभाऊ अंबड एमआयडीसीत प्रॉडक्शनला आठ वर्षं होता. त्याला आपण पिंट्या म्हणू, घरात म्हणतातच तसं. मेकॅनिकल डिप्लोमा, मग नोकरी करता करता इंडस्ट्रियल सेफ्टीचा अ‍ॅडव्हान्स डिप्लोमा केला आणि आता त्याला सेफ्टी ऑफिसर म्हणून सिन्नर किंवा चाकणला कुठेतरी लागायचं होतं. मी नाशकातच रिक्रूटमेंटमध्ये आहे, बहुतेक काम सातपूर, अंबड, सिन्नरच्या कंपन्यांचं. त्यामुळे सिव्ही घेऊन तो माझ्याकडेच येणार हे ठरलेलं, आणि आला तोच म्हणाला, ताई सिव्ही नंतर बघ, आधी सांग, नोकरी देणारे लोक फेसबुक वगैरे बघतात का गं खरंच?

बघतात. पण सिनेमात दाखवतात तसं कोणी रात्रभर बसून खोदकाम करत नाही. मी स्वतः काय करते ते प्रामाणिकपणे सांगते. लिंक्डइन उघडते, खाली अ‍ॅक्टिव्हिटीत डोकावते, नाव गुगलला टाकते आणि कॉमन ओळखीचं कोणी दिसलं तर फोन लावते. दहा मिनिटं, त्याहून जास्त वेळ कोणाकडे नसतो. पण नाशिकमध्ये तो तिसरा रस्ता, म्हणजे कॉमन ओळख, फार आखूड आहे. अंबडच्या एका प्लांटच्या सेफ्टीवाल्याला सातपूरच्या सेफ्टीवाल्याचं लग्न कुठल्या हॉलला झालं तेसुद्धा माहीत असतं, अशी अवस्था.

पिंट्या म्हणाला, मग मी सेफ आहे, मी कालच सगळं बंद केलंय. बंद म्हणजे काय, तर फेसबुकच्या सेटिंगमध्ये जुन्या पोस्टची मर्यादा घालायचा एक पर्याय आहे, Limit Past Posts, तो त्याने दाबला होता. त्याने होतं एवढंच की तुम्ही पूर्वी पब्लिक किंवा मित्रांच्या मित्रांसाठी टाकलेल्या पोस्ट एका झटक्यात फक्त मित्रांपुरत्या होतात. उपयोगी आहे, नाही म्हणत नाही. पण मी माझ्या लॅपटॉपवर एका लोकल न्यूज पेजची जुनी पोस्ट काढली आणि त्याला दाखवली, खाली त्याची कमेंट नाव फोटोसकट जशीच्या तशी. चेहरा बघण्यासारखा झाला होता.

कारण साधं आहे पण लोकांच्या डोक्यात बसत नाही. तुमची पोस्ट म्हणजे तुमचं घर, दार लावलं की लागलं. कमेंट आणि लाइक म्हणजे दुसऱ्याच्या ओट्यावर बसून मारलेल्या गप्पा. त्या कोणी ऐकायच्या ते ओट्याचा मालक ठरवतो, तुमचं सेटिंग तिथे चालत नाही. आणि मालकाने आज फक्त मित्रांना दाखवलेली पोस्ट उद्या पब्लिक केली तर तुमची सात वर्षांपूर्वीची कमेंटही तिच्याबरोबर पब्लिक होते, तुम्हाला कोणी विचारत पण नाही. पिंट्याने स्वतःच्या भिंतीवर आयुष्यात दीडशे-दोनशे पोस्ट टाकल्या असतील, त्यातल्या निम्म्या गणपतीच्या. बाकी सगळा संसार दुसऱ्यांच्या ओट्यावर.

आधी घे, मग पूस

त्याला तेव्हाच बसून सगळं उडवायचं होतं. मी म्हटलं थांब, आधी कॉपी काढ. दोन कारणं. एक म्हणजे मोबाईलवर स्क्रोल करत जुनं शोधणं म्हणजे गोदावरीत अंगठी शोधणं. दुसरं, उद्या कोणी म्हणालं की तू अमुक लिहिलं होतंस ना, तर नक्की कुठले शब्द होते आणि कुठल्या वर्षी हे तुला माहीत पाहिजे, नाहीतर तू एकतर जास्त कबूल करशील किंवा खोटं बोलशील, आणि दोन्ही वाईट दिसतं.

फेसबुकचा डेटा अकाउंट्स सेंटरमधून मागवता येतो. त्यात सगळं घ्यायची गरज नाही, फोटो-व्हिडिओंसकट घेतलं तर कित्येक जीबी होतं. फक्त पोस्ट, कमेंट आणि रिअ‍ॅक्शन एवढंच निवडायचं, तारखेच्या खिडकीत All time करायचं (हे विसरलं तर अलीकडचंच तेवढं येतं आणि माणूस खुश होतो की अरे मी तर किती सभ्य) आणि फॉरमॅट विचारला की HTML निवडायचा. पिंट्याने इंजिनिअरचा बाणा दाखवत JSON घेतला, म्हणे एक्सेलला टाकतो. फाइल उघडली तर मराठीच्या जागी à¤ à¤¹ असलं काहीतरी भुतासारखं. फेसबुक त्या फाइलमध्ये देवनागरी अक्षरं चुकीच्या पद्धतीने लिहितं, हा जुना घोळ आहे, इंग्रजीवाल्यांना कळतही नाही कारण त्यांचं नीट येतं. पायथन येत असेल तर एका ओळीत सुटतं:

```
text.encode("latin1").decode("utf-8")
```

येत नसेल तर HTML परत मागवा, ब्राउझरमध्ये नीट वाचता येतं आणि Ctrl+F पण चालतं. त्याने परत मागवला.

आता शोधायचं काय? इथे एक गंमत आहे जी आपल्या मराठी लोकांनाच कळेल. पिंट्या तीन भाषांत लिहायचा. 2012-13 ला कीपॅडच्या फोनवरून रोमन मराठी, म्हणजे ‘kay bhangar company ahe’, मग मराठी कीबोर्ड आल्यावर देवनागरी, आणि मधल्या काळात दोन्हीची खिचडी. त्यात स्पेलिंगला धरबंध नाही, भंगार हा एक शब्द bhangar, bhngar, bhangaar अशा तीन तऱ्हांनी सापडला. शिव्यांचं तर विचारू नका. त्यामुळे आम्ही आधी शब्दांची यादी केली, त्याचे नेहमीचे शब्द, जुन्या कंपनीचं नाव, साहेबांची टोपणनावं, आणि प्रत्येकाची दोन्ही लिप्यांतली रूपं. मामी चहा घेऊन आल्या तेव्हा आम्ही दोघं शिव्यांची स्पेलिंगं लिहीत बसलो होतो, त्या परत गेल्या.

तीन हजाराच्या वर कमेंट निघाल्या. वाचायला जड वाटतं पण बहुतेक ‘हॅपी बड्डे भावा’ आणि ‘लय भारी’ असतं, डोळा सरावला की पान झरझर जातं. आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. हातात उरल्या चाळीसेक.

एक अडचण मात्र येते. या फाइलमध्ये फक्त ‘अमुकने तमुकच्या पोस्टवर कमेंट केली’ एवढं, त्या दिवशीची तारीख आणि कमेंट असते. मूळ पोस्ट काय होती ते नसतं, लिंकही बऱ्याचदा नसते. ‘बरं झालं’ एवढीच कमेंट वाचून काय कळणार, कशाबद्दल बरं झालं? म्हणून तारीख टिपायची, मग फेसबुकच्या Activity Log मध्ये जाऊन कमेंटच्या फिल्टरला तेच वर्ष-महिना लावायचा आणि तिथून मूळ पोस्ट उघडून बघायची. फाइल शोधायला, लॉग पुसायला, असं ते दोन पायांचं काम आहे.

त्याने रात्रीत केलेला घोळ

पहिल्या संध्याकाळी मी घरी आले आणि याला राहवलं नाही. रात्री अकराला त्याने पाच-सहा कमेंट स्वतःच सुधारल्या. डिलीट नाही, एडिट. डोकं असं चालवलं की कमेंट गायब झाली तर संशय येईल, त्यापेक्षा गोड शब्द घालू. सकाळी मला कौतुकाने दाखवलं. मी त्या कमेंटखाली असलेल्या Edited वर बोट ठेवलं आणि त्याला आधीचं रूप दाखवलं, मूळ शिवीसकट. फेसबुकवर एडिटचा इतिहास कमेंट बघू शकणाऱ्या कोणालाही उघडता येतो. म्हणजे 2014 ची साधी शिवी आता 2025 ला लपवलेली शिवी झाली. या असल्या कमेंट एडिट करायच्याच नाहीत, सरळ डिलीट, कमेंटला आर्काइव्ह हा प्रकार नसतो, तो स्वतःच्या पोस्टला असतो.

आणि दुसरा घोळ तर याच्या बायकोपर्यंत गेला. कोणाच्या तरी 2016 च्या फोटोखालची स्वतःची कमेंट शोधताना अंगठा लागून हार्ट गेला. कॉलेजमधली मुलगी होती. लगेच काढला, पण नोटिफिकेशन जायचं ते जाऊन बसलं असणार. तेव्हापासून आम्ही हे काम फक्त लॅपटॉपवर माऊसने केलं, मोबाईल हातात घ्यायचा नाही असा नियमच.

डिलीट करतानाही बघावं लागतं की कमेंट मूळ आहे की उत्तरात आहे. मूळ कमेंट उडवली की तिच्याखालची सगळी उत्तरं जातात, बरं होतं. पण तुम्ही दुसऱ्याच्या कमेंटखाली उत्तर दिलं असेल तर तुमचं जातं आणि खाली ‘पिंट्या तोंड सांभाळून बोल’ हे राहतं, नावासकट टॅग केलेलं. अशी दोन ठिकाणं निघाली. एका जुन्या मित्राला फोन करून त्याचं उत्तर काढायला सांगितलं, त्याने हसत हसत काढलं. दुसरा माणूस अनोळखी, तिथे पिंट्याला नाही म्हटलं. अनोळखी माणसाला ‘प्लीज कमेंट काढा’ म्हणणं म्हणजे त्याच्या हातात काडी देणं.

सेफ्टीवाल्याला काय झोंबतं

चाळीस कमेंट समोर ठेवल्यावर पिंट्याचा जीव भलत्याच गोष्टीत अडकला होता. सुला बाजूला मित्रांबरोबर वाईनचे ग्लास घेऊन काढलेला फोटो, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारतानाचा उघडाबंब व्हिडिओ, हे आधी काढू म्हणे. मी म्हटलं हे राहू दे. नाशिकचा पोरगा रहाडीत उडी मारतो आणि वाईनचा ग्लास धरतो यात नाशिकच्या एचआरला काय नवल? तिचा नवरा त्याच रहाडीत असेल. मला वेगळंच काहीतरी झोंबत होतं.

2015 चा फोटो. फोर्कलिफ्टचे फाटे वर उचललेले, त्यावर लाकडी पॅलेट, पॅलेटवर पिंट्या उभा, डोक्यावर हेल्मेट नाही, बेल्ट नाही, हात वर करून शेडची ट्यूब बदलतोय. फोटो एका सहकाऱ्याने स्वतःच्या प्रोफाइलवर पब्लिक टाकलेला, पिंट्या टॅग केलेला, खाली पिंट्याची कमेंट, ‘शिडी कशाला पाहिजे, आपण आहोत ना’. शंभरेक लाइक. त्याच्या इतर मित्रांना हा फोटो म्हणजे मजा. प्रॉडक्शनच्या नोकरीला गेला असता तर मीही दुर्लक्ष केलं असतं. पण सेफ्टी ऑफिसरच्या इंटरव्ह्यूला? फोर्कलिफ्टच्या फाट्यांवर माणूस उचलणं हे सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये ‘असं करू नका’ म्हणून पहिल्या काही स्लाइडमध्ये दाखवतात. तो स्वतःच आता टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे कामाआधीच्या सेफ्टीच्या छोट्या बैठकीत, लोकांना हे सांगतो. शिवाय फोटोत मागे टेबलावर पार्टचं ड्रॉइंग पसरलेलं, झूम केलं तर कस्टमरचं नाव वाचता येत होतं, ते अजून वेगळं दुखणं.

लोक जुनं साफ करताना दारू-शिव्या शोधतात, मी म्हणते आधी ज्या खुर्चीवर बसायचंय तिच्याकडे बघा. अकाउंट्सवाल्याला ‘बिल कसंही अ‍ॅडजस्ट करतो आपण’ ही गमतीतली कमेंट नडेल, शाळेच्या मास्तरला विद्यार्थ्यांची टिंगल नडेल. पिंट्याला नडणार ती जुगाडाची हौस.

याच खुर्चीमुळे दुसरी गोष्ट वर आली, आणि ती कमेंटच नव्हती. एका कारखान्यातल्या आगीच्या बातमीवर, दोन कामगार भाजल्याची बातमी, याचा हसरा इमोजी. पिंट्या शपथेवर म्हणतो की तो खालच्या एका कमेंटला हसला होता आणि अंगठा वर लागला. असेलही. फेसबुकवर लाइकशिवाय हे बाकीचे चेहरे 2016 ला आले तेव्हा सगळेच सगळीकडे दाबत सुटले होते. पण पब्लिक पोस्टवरचा आकडा दाबला की कोणी कुठला चेहरा दाबला त्याची यादी नावासकट उघडते आणि ओळखीची नावं वर दिसतात. त्या पोस्टवर अंबडचे निम्मे सेफ्टीवाले येऊन गेलेत, त्यांच्या यादीत याचं नाव वरच.

इथे थोडं थांबून सांगते, कारण रिअ‍ॅक्शनबद्दल लोक एकतर फार घाबरतात नाहीतर अजिबात घाबरत नाहीत. फेसबुकवर आज बाहेरच्या माणसाला ‘पिंट्याने कायकाय लाइक केलं’ अशी यादी काढता येत नाही. पूर्वी ग्राफ सर्च नावाचा प्रकार होता, त्यात असलं काढता यायचं, 2019 ला ते बंद झालं. म्हणजे तुमच्यापासून सुरुवात करून तुमचे लाइक सापडत नाहीत, पण त्या पोस्टपासून सुरुवात करून तुम्ही सापडता. म्हणून दहा हजार रिअ‍ॅक्शन चाळत बसू नका, वेड लागेल. आम्ही फक्त लोकल न्यूज पेज, त्याच्या क्षेत्रातली पेजेस आणि त्याच्या जुन्या कंपन्यांशी संबंधित पोस्ट एवढ्याच वर्षवार बघितल्या. बाकी सोडून दिलं. आणि लाइक काढल्यावर कोणाला नोटिफिकेशन जात नाही, तेवढी भीती नको. एक्सवर तर 2024 च्या जूनपासून तुमचे लाइक दुसऱ्यांना दिसतच नाहीत, पिंट्याचं तिथे अकाउंट होतं पण पाच ट्वीट, सगळी क्रिकेटची.

रिअ‍ॅक्शन काढताना एकदम शेकड्याने टिक करून काढायला गेला तर फेसबुकने मधेच अडवलं, थोडा वेळ थांबा म्हणून. रोज थोडं थोडं केलं.

आता ठेवलेल्या गोष्टी. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला होता, त्याला पिंट्याने पाणी वाटलं होतं, फोटो होता आणि खाली कांद्याच्या भावावरून एकाशी लांबलचक वाद. याला ते काढायचं होतं, म्हणे पॉलिटिकल वाटेल. मी पूर्ण वाद वाचला. मुद्द्याचं बोललाय, एकदाही घसरलेला नाही, आजोळ निफाडचं आहे त्यामुळे कांदा माहितीये. म्हटलं हे ठेव. मत असणं आणि तोंड सुटणं यात फरक आहे, आणि सगळंच पुसलेला माणूस मला तरी थोडा विचित्र वाटतो.

काढलेल्यात सगळ्यात वाईट मात्र सेफ्टीशी संबंध नसलेली होती. 2013 ला कॉलेजच्या ग्रुपवर वर्गातल्या एका मुलीच्या फोटोखाली चार पोरांनी केलेल्या घाण कमेंटमध्ये याची एक होती. ती वाचताना तो गप्प झाला, मीही काही बोलले नाही. ग्रुप पब्लिक, अ‍ॅडमिन कोण ते कोणालाच आठवत नाही. याने स्वतःची कमेंट काढली. मग मला म्हणाला, तिला सॉरी म्हणू का? मी म्हटलं नोकरीसाठी म्हणणार असशील तर नको, तिला कळेल. त्याने काय केलं मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

लिंक्डइनवरची हमाली

फेसबुकच्या नुसत्या कमेंट वाचायला दोन संध्याकाळी गेल्या, लिंक्डइनला सगळा मिळून एक तास. पण मला विचाराल तर नोकरीच्या दृष्टीने तो तासच महत्त्वाचा. कारण लिंक्डइनवर उलटं आहे, तिथे प्रोफाइलच्या अ‍ॅक्टिव्हिटीत ‘सगळं दाखवा’ दाबलं की तुमच्या कमेंट आणि रिअ‍ॅक्शनचे वेगळे कप्पे उघडतात. म्हणजे मी तुमच्यापासून सुरुवात करून तुमचे लाइक बघू शकते, आणि बघतेच.

पिंट्याच्या तिथे काय होतं, तर पन्नासेक जॉब पोस्टखाली ‘Interested sir’ आणि पुढे मोबाईल नंबर आणि ईमेल. अर्ध्या ठिकाणी ‘CFBR’, म्हणजे कमेंट करून पोस्ट लोकांपर्यंत पोचवायची ती टूम. आता बघा यातून काय कळतं. एक, तो दीड वर्षापासून नोकरी शोधतोय आणि त्याच्या चालू कंपनीचा साहेब त्याच्या कनेक्शनमध्ये आहे. दोन, तो क्वालिटी, प्रॉडक्शन, मेंटेनन्स, सेफ्टी सगळ्यालाच इंटरेस्टेड आहे, एकदा तर नर्सिंगच्या पोस्टखाली पण. तीन, मोबाईल नंबर उघड्यावर, त्यातल्या काही पब्लिक पोस्ट लॉगिन न करताही दिसतात. याला तेव्हाच ‘जॉब कन्फर्म, दोन हजार भरा’वाले फोन का येतात ते कळलं.

रिअ‍ॅक्शनमध्ये, कोणीतरी ‘बॉस टॉक्सिक असेल तर नोटीस न देता निघा’ असं लिहिलेलं, त्याला टाळ्या. हा सध्याच्या कंपनीत नोटीस पिरियडवर जाणार होता. काढलं. ‘इंटरेस्टेड’वाल्या सगळ्या कमेंट एक एक करून काढल्या, तिथे दुसरा मार्ग नाही, गाणी लावून बसलो. मात्र कोणीतरी प्रेस मशीनच्या गार्डबद्दल लिहिलं होतं त्याखाली याने दोन ओळींत, टू-हँड कंट्रोलला, म्हणजे दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय मशीन चालू नये म्हणून असलेल्या बटणांना, टेप लावून ठेवतात ते कसं पकडायचं ते सांगितलं होतं. नीट, स्वतःच्या अनुभवाचं. ते राहिलं, आणि बाकीचा कचरा गेल्यावर आता अ‍ॅक्टिव्हिटी उघडली की पहिलं तेच दिसतं.

कोणालाच न आठवणारी जागा म्हणजे गुगल मॅप. तिथले रिव्ह्यू तुमच्या नावाने पब्लिक असतात आणि नावावर टिचकी मारली की सगळे एकाखाली एक, हॉटेल, दवाखाना, कंपनी. मॅपमध्ये Contribute मध्ये जाऊन पिंट्याचे बघितले, अठरा. एका कंपनीला एक स्टार, ‘इंटरव्ह्यूला तीन तास बसवून ठेवलं, एचआर बाई फोनवर गप्पा मारत होती’. ती कंपनी आमच्या यादीत तिसऱ्या नंबरला होती, आणि अर्ज गेला असता तर वाचणारी बहुधा तीच बाई. काढला. एका दवाखान्याच्या बिलाबद्दल लिहिलेलं होतं, ते खरं होतं, भाषा बरी होती, ठेवलं. मिसळीवर एक निबंध होता, रस्सा पातळ झाल्याबद्दल मालकाच्या पूर्वजांपर्यंत गेलेला. तोही काढला, पण तो म्हणाला मुद्दा माझा अजून तोच आहे.

जे हातात आलं नाही

शेवटी नाव दोन्ही लिप्यांत, अवतरणचिन्हात, पुढे नाशिक लावून, इन्कॉग्निटो खिडकीत शोधलं. मग नंबर शोधला, मग ईमेल. ईमेलवरून एक जुनं फेसबुक अकाउंट निघालं, 2010 चं, नावात ‘डॉन’ आणि फोटोत गॉगल, कोणाच्या तरी पल्सरवर. पासवर्ड आठवत नाही, तेव्हाचं सिम कधीच बंद, आणि याहूचा मेल इतकी वर्षं न उघडल्याने याहूने केव्हाच मोडीत काढलेला. ते अकाउंट उघडण्याचा मार्ग राहिला नाही. मग निदान दोर तरी कापले. मेनच्या अकाउंटवरून त्या डॉनला अनफ्रेंड केलं, त्याला टॅग केलेल्या स्वतःच्या जुन्या पोस्टमधले टॅग काढले. आता डॉन आहे, पण तो कोण हे पिंट्याच्या प्रोफाइलवरून कळत नाही.

आणि फोर्कलिफ्टचा फोटो. टॅग काढला, ‘शिडी कशाला’वाली कमेंट काढली. पण फोटो ज्याचा त्याच्याच प्रोफाइलवर, टॅग काढल्याने फोटो हलत नाही, पिंट्याच्या नावाशी जोडलेला धागा तेवढा तुटतो. सहकारी आता मस्कतला आहे. त्याला मेसेज टाकला, ‘भाऊ, तो फोटो ओन्ली मी कर ना, आणि मागे ड्रॉइंग पण दिसतंय, तुझ्यासाठी पण बरं नाही’. त्याने अंगठा दाखवला. आठवड्याने परत टाकला, ‘करतो रे’.

मी पिंट्याला म्हटलं, तो फोटो निघाला असं धरूनच चालू नकोस, निघाला नाही असं धर. सेफ्टीच्या इंटरव्ह्यूत एक प्रश्न हमखास येतो, तुम्ही स्वतः कधी अनसेफ अ‍ॅक्ट केलाय का. बहुतेक जण ‘नाही सर’ म्हणतात आणि समोरचा मनात हसतो. तुझ्याकडे खरं उत्तर आहे.

सिन्नरच्या कंपनीत दुसऱ्या राउंडला प्लांट हेडने तोच प्रश्न टाकला. पिंट्याने फोर्कलिफ्ट सांगितली. वर्ष सांगितलं, पॅलेट खिळखिळी होती ते सांगितलं, हसत होतो आणि फोटो काढून घेतला तेही सांगितलं. मग म्हणाला, त्या दिवशी शेडमध्ये शिडी होती, पण ती स्टोअरला कुलपात होती आणि चावी घ्यायला सही लागायची, म्हणून कोणीच शिडी घ्यायचं नाही, आता मी कुठेही गेलो की आधी विचारतो शिडीची चावी कोणाकडे असते. प्लांट हेडने वहीत काहीतरी लिहिलं. फोटो बघितला होता का नव्हता, ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही.

ऑफर लेटरची वाट बघतोय. मस्कतवाल्याला परवा परत मेसेज केला, ब्ल्यू टिक आली आहे.